दीर्घाआधीचा श्वास

इस्त्रीताई एरवी वर्गात शिरायची ती दारातूनच कुणाला तरी टोमणा मारत. त्या संध्याकाळी ती गुपचूप आली आणि मागच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. मास्तर काय समजायचं ते समजले.

वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायचा. एकावर एक रचलेल्या खुर्च्या आल्या-आल्या ज्यानं-त्यानं उतरवून घ्यायच्या, जाताना परत रचायच्या. कोपऱ्यात पाणी तापवायची किटली, भिंतीवर पांढरा फळा, आणि फळ्याशेजारी मास्तरांनी स्वतः खिळा ठोकून बसवलेली छोटी फळी. तिच्यावर स्पीकर. या परक्या देशात येऊन दिवसभर राबून थकलेली माणसं इथं इंग्रजी शिकायला यायची. कुणी टॅक्सी चालवायचं, कुणी हॉटेलात स्वयंपाक करायचं. इस्त्रीताई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची, म्हणून ती इस्त्रीताई. तिला ते नाव आवडायचं. म्हणायची, "निदान कामाचं तरी आहे."

पण ते काम तिला सोडायचं होतं. वाफेनं तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असायचे आणि डॉक्टरनं सांगितलं होतं की हे असंच चाललं तर कातडी कायमची जाईल. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात फोन घेणारी माणसं हवी होती. इस्त्रीताईचं डोकं थंड, अक्षर चांगलं, बोलणं धीराचं. लेखी परीक्षा झाली, टायपिंग झालं, मुलाखत झाली. राहिली होती ती ऐकण्याची परीक्षा. कानाला हेडफोन लावायचा, निरनिराळी माणसं बोलतील, त्यांनी सांगितलेली नावं आणि पत्ते टिपायचे.

"मग?" टॅक्सीवाल्यानं मागं वळून विचारलं. त्याला गप्प बसवत नसे.

"मग काय, कपाळ. सगळं आलं, नावं-पत्ते राहिले."

"म्हणजे जे लागतं तेच राहिलं."

"तू गाडी चालव."

मास्तर खडू नसलेल्या हातावरची पूड झटकल्यासारखे हात झटकत राहिले. जुनी सवय. फळ्यावर पेन वापरायला लागून किती वर्षं झाली, तरी हात ऐकत नव्हते.

"असं कसं होईल?" ते म्हणाले. "शिप आणि शीप, हिल आणि हील, लिव्ह आणि लीव्ह. तुमचं इथं एकही चुकत नाही. गेल्या आठवड्यात मी शब्द उलटसुलट क्रमानं लावले तरी चुकलं नाही."

हे खरं होतं. मास्तरांचा मूळ तास व्याकरणाचा. उच्चारांचा तास त्यांच्या बायकोचा. सगळे तिला बाई म्हणायचे. दोघांनी मिळून ही खोली चालवली होती. बाई गेल्या, आणि वर्ग भरवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी हळूच सुचवलं की उच्चारांसाठी दुसरं कुणीतरी बघू या. मास्तर म्हणाले, गरज नाही, मी बघतो. बाईंनी घरी बसून शब्दांच्या जोड्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. मास्तर त्या लावायचे. बाईंचा आवाज खोलीत यायचा, शिप, मग थोड्या वेळानं शीप, आणि माणसं हातातली कार्डं वर करायची. एका कार्डावर जहाज, एकावर मेंढी. बरोबर आलं की मास्तर मान हलवायचे. त्या एका तासासाठी त्यांचा सगळा आठवडा चालायचा, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मास्तर," इस्त्रीताई म्हणाली, "रागावू नका. मला इंग्रजी आलेलं नाही. मला बाईंचा आवाज आलेला आहे."

"म्हणजे?"

"बाई लांब शब्दाच्या आधी श्वास घेतात. शीप म्हणायच्या आधी. हील म्हणायच्या आधी. छोटा शब्द असला की नाही घेत, सरळ म्हणून टाकतात. मी तो श्वास ऐकते आणि मेंढी वर करते. तिथं परीक्षेत हेडफोनमध्ये एक पुरुष बोलायला लागला, भराभरा. मी आपली श्वासाची वाट बघत बसले आणि शब्द निघून गेला. मग नुसते अंदाज टाकले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते."

मग आचारी, जो सहसा तोंड उघडत नसे, म्हणाला, "मी पण तेच करतो. मला वाटलं तीच पद्धत आहे."

मास्तरांचा चेहरा उतरला. "ती गेली," ते म्हणाले. "गेलेल्या बाईच्या श्वासात चुका काढता?"

"चुका नाही हो काढत..."

"आज एवढंच. खुर्च्या ठेवा."

माणसांनी खुर्च्या रचल्या. आवाज न करता रचल्या, त्यानं मास्तरांना जास्तच लागलं.

*

रविवारी दुपारी मास्तरांची लेक आली. ती आली की आधी खिडक्या उघडायची, मग बोलायची. त्या दिवशी खिडक्या उघडायच्या राहिल्या, कारण बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसले होते आणि फोनमधून आई बोलत होती.

शिप. फिल. मग एक बारीक श्वास, नाकातून आत ओढलेला, आणि, फील.

"ऐकलंस?" मास्तर म्हणाले.

"काय?"

"आधी श्वास घेते. प्रत्येक वेळी. वर्गातली इस्त्रीताई त्यावरच विसंबली आणि परीक्षेत नापास झाली. इतक्यांदा ऐकलं मी, मला कधी कळलं नाही. मला वाटायचं हा श्वास म्हणजे तीच. शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं."

लेक समोर बसली. तिनं तो शब्द पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "आई ओढायची ना तो लांब शब्द. शीऽऽप. एवढा ओढायचा तर श्वास नको?" ती म्हणाली. "बाबा, कापून टाकू का श्वास? एका मिनिटाचं काम आहे. माझ्या फोनवर होतं."

"हात लावू नकोस."

"बरं. नाही लावत."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी लावताना मागे-पुढे करत होतं.

"पण बाबा, तुम्ही हे वर्गात का लावता?"

"मग कुठं लावू?"

"आई वर्गात कधीच लावायची नाही. हे घरच्या सरावाला दिलेलं होतं. जे आजारी पडतील, ज्यांचा तास चुकेल, त्यांना. वर्गात ती माणसं आणायची. तुम्हाला ठाऊक नाही? तुमचा तास दुसऱ्या दिवशी असायचा, तुम्ही घरी असायचात. तिनं औषधवाल्याला आणलेलं, पोस्टातल्या बाईंना आणलेलं. खालच्या मजल्यावरच्या आजींना हाताला धरून नेलेलं, कवळी लावून. त्या आजींचं शिप ऐकून वर्ग हसून लोळला होता. आई म्हणायची, एका तोंडाची भाषा शिकली तर ती त्या तोंडापुरतीच राहते."

मास्तरांनी फोन पालथा घातला. नवरा-बायकोनं एकच खोली इतकी वर्षं चालवली आणि बायको त्या खोलीत काय करायची ते लेकीकडून कळावं. वाईट वाटलं, आणि त्याबरोबर थोडं बरंही वाटलं, कारण बाईंबद्दल काहीतरी नवीन कळलं होतं. त्यांना वाटलं होतं आता नवीन काही कळायचं उरलं नाही.

"पुन्हा परीक्षा देता येते का त्या इस्त्रीताईंना?" लेकीनं विचारलं.

"एकदाच. पुढच्या महिन्यात."

"मग बसलात काय?"

*

कुणाकडे जायचं तर दार वाजवणं हे बाईंचं काम होतं. मास्तर आपले मागे पिशवी घेऊन उभे राहायचे. खालच्या मजल्यावरच्या आजींशी तर ते अंत्यविधीनंतर नीट बोललेही नव्हते. जिन्यात दिसल्या की ते चावी शोधत असल्याचं नाटक करायचे. आता त्यांच्या दारासमोर उभं राहून त्यांनी दोनदा हात वर केला आणि खाली घेतला. तिसऱ्यांदा दार आतूनच उघडलं.

"तुमच्या पायांचा आवाज केव्हाचा येतोय," आजी इंग्रजीत म्हणाल्या. "आत या किंवा जा."

मास्तरांनी काम सांगितलं, फोनमध्ये आवाज घ्यायचाय म्हणाले. आजींनी ऐकून घेतलं.

"म्हणजे मी जहाज म्हणायचं आणि मेंढी म्हणायची."

"आणि टेकडी. आणि टाच. तुमच्या नेहमीच्या बोलण्यासारखं. मुद्दाम स्पष्ट नको."

"तुमची बायकोही हेच म्हणाली होती. मुद्दाम स्पष्ट नको." आजींनी कवळी सारखी केली. "मी विचार करत होते, आता कुणी विचारायला येणारच नाही का म्हणून."

औषधवाला गिऱ्हाईकं असताना बोलायला लागला आणि गिऱ्हाईकंही बोलायला लागली. एकाचा आवाज जाड, एकीचा चिरका, एकाला सर्दी. पोस्टातल्या बाईंना वेळ नव्हता म्हणून त्या शिक्के मारता-मारता बोलल्या, मागे धप्‌ धप्‌ तसंच राहिलं. मास्तरांनी ते काढून टाकलं नाही. नियंत्रण कक्षात फोन करणारा माणूस काही शांत खोलीत बसून फोन करत नाही.

पुढच्या तासाला त्यांनी आधी फळ्यावरचे ऱ्हस्व आणि दीर्घ पुसून टाकले. शिप, शीप असं लिहिलेलं महिनोन्‌महिने तिथंच होतं.

"हे माझं चुकलं," ते म्हणाले. "आपल्या लिपीत लिहिलं की वाटतं सगळा फरक ओढण्याचा आहे. टॅक्सीवाले, उभे राहा. शिप म्हणा, पण ओढून म्हणा. जांभई आल्यासारखं. तोंड हलवायचं नाही, पहिल्या क्षणी जसं आहे तसंच ठेवायचं."

टॅक्सीवाल्यानं दम भरून शब्द ओढला. खोलीत हशा पिकला.

"आता सांगा, मेंढी झाली का?"

"नाही," आचारी म्हणाला. "जहाजच राहिलं. लांबलचक जहाज."

"बरोबर. आता इस्त्रीताई, मेंढी म्हणा, पण झटकन. चटका बसल्यासारखी."

"ते मला जमतं," इस्त्रीताई म्हणाली, आणि तिनं शब्द झटकन उच्चारला. मेंढी मेंढीच राहिली.

"फरक तोंडात आहे. मेंढीच्या वेळी जीभ वर आणि पुढे, ओठांचे कोपरे ताणलेले. गालाला बोट लावून बघा. जहाजाच्या वेळी जीभ जराशी खाली येते, थोडी मागे जाते, जबडा सैल. लांबी आहे, पण ती सोबतीला. तिच्यावर विसंबायचं नाही. का ते ऐका."

त्यांनी औषधवाल्याचे चार शब्द लावले. बिट, बीट, बिड, बीड. पुन्हा लावले. मग विचारलं, "दुसरा आणि तिसरा, यातला लांब कुठला?"

माणसं गोंधळली. आचाऱ्यानं घड्याळावर बोट ठेवून मोजायचा प्रयत्न केला.

"सारखेच वाटतात," इस्त्रीताई म्हणाली.

"जवळपास सारखेच आहेत. पुढे ट आला की स्वर तुटतो, ड आला की ओढला जातो. म्हणून बीटमधला दीर्घ आखूड होतो आणि बिडमधला ऱ्हस्व लांबतो. जो नुसती लांबी ऐकेल तो इथं हमखास फसेल."

"म्हणजे मी तिथं फसले ते..."

"श्वासाची वाट बघत बसलात, म्हणून. आणि श्वास आला नाही तेव्हा लांबी मोजत बसलात, म्हणून. ते मी शिकवलं होतं. तुम्ही नीट शिकलात."

इस्त्रीताईनं त्यांच्याकडे बघितलं. मग पिशवी खाली ठेवून पुढच्या खुर्चीवर येऊन बसली.

परीक्षा जवळ आली म्हणून मास्तरांनी त्यानंतर रोज तास ठेवला, आणि रोज तेच. कुठलाही आवाज लागेल, कार्ड वर करायचं, आणि बरोबर की चूक ते तिथल्या तिथं सांगायचं. चूक आलं की तोच शब्द पुन्हा, शेजारी त्याचा जोडीदार. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे हाल झाले. जी इस्त्रीताई बाईंच्या आवाजात एकही चुकत नव्हती ती आजींच्या कवळीपुढं हात टेकायची.

"ही म्हातारी मुद्दाम करते," ती चिडून म्हणायची. "हिला मेंढ्या आवडत नाहीत."

"तिला तुम्ही आवडत नाही," टॅक्सीवाला म्हणायचा.

"तुझ्या गाडीत बसवून बघ तिला, म्हणजे कळेल."

मग कधीतरी, मास्तरांनाही नेमकं कधी ते सांगता आलं नसतं, तिचा हात वर जायच्या आधी थांबेनासा झाला. सर्दी झालेला माणूस असो की शिक्के मारणाऱ्या बाई, कार्ड जायचं आणि बहुतेक बरोबर जायचं. पूर्वी ती ऐकताना मान खाली घालून काहीतरी पकडायला बघायची. आता सरळ बसायची. एकदा तिनं रस्त्यातच मास्तरांना गाठलं आणि सांगितलं, हॉटेलातल्या बाईंनी चादरी फिट झाल्या का विचारलं आणि मला कान देऊन ऐकायलाच लागलं नाही, नुसतं कळलं. मास्तरांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ते म्हणाले, "बरं झालं."

परीक्षेच्या आदल्या तासाला इस्त्रीताई म्हणाली, "मास्तर, आज बाईंचा आवाज लावा ना."

"कशाला? त्याचा उपयोग नाही आता."

"उपयोगासाठी नाही. बरेच दिवस ऐकला नाही."

मास्तरांनी लावला. फिल. मग श्वास, आणि, फील. कुणी कार्ड वर केलं नाही. सगळे नुसते ऐकत बसले, आणि मास्तरांना पहिल्यांदाच त्या खोलीत एकट्यानं ऐकावं लागलं नाही.

*

निकालाच्या दिवशी मास्तर वर्गाच्या वेळेआधीच येऊन किटलीत पाणी भरत होते. बाहेर पावलांचा आवाज आला. मग दारातूनच आवाज आला, "अहो मास्तर, ती खालच्या मजल्यावरची म्हातारी कुठंय? तिचे पाय धरायचेत मला!"

मास्तरांनी अर्धी भरलेली किटली खाली ठेवली.

"झालं?"

"झालं. सगळं आलं असं नाही. दोन-तीन गेले. पण ते म्हणाले, पुरेसं आहे, बाकीचं खुर्चीवर बसून शिकाल. एक तारखेपासून या म्हणाले." ती बोलायचं थांबली आणि आपल्या हातांकडे बघितलं. "एकानं पत्ता सांगितला. पोरगं मागं रडत होतं, टीव्ही चालू, आणि तो माणूस असा घाईत. त्यात हिल होतं. मास्तर, मी वाटच बघितली नाही. लिहूनच टाकलं."

टॅक्सीवाला आणि आचारी एकापाठोपाठ आले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगणं झालं. टॅक्सीवाला म्हणाला, आता मला कुणी ठोकलं तर मी तुलाच फोन करणार. इस्त्रीताई म्हणाली, तू फोन केलास तर मी ठेवून देईन.

नवे लोक पुढच्या आठवड्यापासून यायचे होते. मास्तरांनी फळीवरून फोन काढला आणि इस्त्रीताईसमोर धरला.

"काय?"

"तुमचा आवाज हवा. शिप, शीप, सगळ्या जोड्या."

"माझा? अहो, मी तर आत्ता कुठं शिकले."

"म्हणूनच. तुमच्यासारखं बोलणाऱ्यांचेही फोन येतील की. सगळी तोंडं पाहिजेत. आधी मी ऐकेन, चुकलं तर पुन्हा घेऊ."

तिनं घसा साफ केला. टॅक्सीवाल्याला हातानं गप्प बसायला सांगितलं. मास्तरांनी बटण दाबलं.

"शिप," ती म्हणाली. शब्द स्वच्छ आला, सैल, जीभ जिथं पाहिजे तिथं. मग ती थांबली. मग तिनं नाकातून बारीक श्वास आत ओढला, आणि, "शीप."

म्हटल्याबरोबर तिनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! लागली सवय! पुन्हा घ्या, पुन्हा घ्या, मी नाही घेत श्वास."

मास्तर काही क्षण फोनकडे बघत राहिले.

"श्वास घ्या," ते म्हणाले. "पण दोन्हीच्या आधी घ्या. जहाजाच्याही आधी, मेंढीच्याही आधी. सारखाच."

"दोन्हीच्या आधी?"

"हो. मग त्यावरून कुणाला काही कळणार नाही. शब्दच ऐकावा लागेल."

इस्त्रीताईनं मान हलवली. मास्तरांनी पुन्हा बटण दाबलं. तिनं श्वास घेतला.